झाडी, डोंगार आणि सेमिनार पेपर

20 जून 2022 ला विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्याच रात्री शिवसेनेचे काही आमदार एकनाथ शिंदेंबरोबर सुरतेला गेले. 22 तारखेला मुक्काम गुवाहाटीला हलला. सरकार राहतं की पडतं या घोरात अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसलेला असताना सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर झालेलं बोलणं बाहेर फुटलं. त्यात राजकारणही होतं, पण लोकांनी उचललं ते दुसरंच: काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, सगळं ओक्केमंदी हाय. 29 ला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, 30 ला शिंदेंनी शपथ घेतली. तोवर ही ओळ लोकांच्या तोंडी बसलेली होती.

मीमवर सेमिनार पेपर लिहायचा असेल तर एवढं सोयीचं उदाहरण मराठीत क्वचित सापडतं. त्याला सुरुवात आहे, ती जवळजवळ दिवसावर दाखवता येते, बोलणारा माणूस माहीत आहे आणि पुढे दोन महिन्यांत त्या ओळीचा प्रवास थेट विधानभवनाच्या पायऱ्यांपर्यंत झाला. शिवाय मूळ गोष्टीत चित्रच नाही. तो नुसता आवाज आहे. म्हणजे नंतरच्या प्रत्येक मीममधलं चित्र कुणीतरी निवडून त्या ओळीला चिकटवलेलं आहे, आणि अभ्यास करायचा आहे तो या निवडीचा.

एमएच्या पेपरला साधारण तीन-साडेतीन हजार शब्द मिळतात. त्यात ‘मीम आणि राजकारण’ मावत नाही, एक ओळ मावते. तरी दरवर्षी तोच साचा समोर येतो: पहिल्या पानावर 1976 साली रिचर्ड डॉकिन्सनं हा शब्द कसा घडवला ते, मग वीस मीमची चित्रं, प्रत्येकाखाली दोन वाक्यांचं स्पष्टीकरण आणि शेवटी ‘मीम हे प्रभावी माध्यम आहे’. विनोद समजावून सांगितला की मरतो, हे खरं. पण हा पेपर पडतो तो वेगळ्या कारणानं. वीस मीम एकेकटे वाचले जातात, त्यांचा एकमेकांशी संबंध कुणी तपासत नाही.

मीमच्या अभ्यासक लिमोर शिफमन यांची व्याख्या इथं कामाला येते. त्यांच्या मते मीम म्हणजे एक चित्र नव्हे, गट: काही गुण समान असलेल्या, एकमेकांची जाण ठेवून केलेल्या, लोकांनी पसरवलेल्या आणि पसरवताना बदललेल्या गोष्टींचा. अशा गटात तीन गोष्टी बदलू शकतात. काय म्हटलंय तो आशय, कसं मांडलंय ते रूप, आणि मांडणारा स्वतः कुठे उभा आहे तो पवित्रा. ‘पवित्रा’ हा शब्द आपल्याकडे आखाड्यातून आलाय आणि मूळ इंग्रजी संज्ञेपेक्षा तो चपखल आहे असं माझं मत आहे. पहिलवानाचे पाय कसे रोवलेत ते पाहून डाव कळतो, तसं काहीसं.

आता सामग्री. तीन खिडक्या घ्याव्यात. पहिली, क्लिप फुटल्यापासून 30 जूनपर्यंत. दुसरी, पूर्ण जुलै. तिसरी, 17 ते 25 ऑगस्ट, म्हणजे विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन. प्रत्येक खिडकीतून बारा, एकूण छत्तीस. छत्तीसच का, तर दोन माणसांना एका दुपारी दोनदा नीट पाहून होतात आणि तक्ता एका पानावर मावतो. आवडलेले बारा निवडायचे नाहीत. शोधात आले त्या क्रमानं, अगदीच नक्कल असलेले वगळून, पहिले बारा. आवडीनं निवडलं की सगळे मीम आपल्याच मताचे निघतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

शोधताना पहिली ठेच लागते ती स्पेलिंगची. लोकांनी ‘डोंगार’ही लिहिलं आणि ‘डोंगर’ही, ‘हाटील’, ‘हाटेल’, ‘हॉटेल’, ‘ओक्केमंदी’, ‘ओकेमधी’, ‘ओकेमध्ये’, वर रोमन लिपीतले प्रकार निराळेच. एकाच रूपानं शोधलं तर सामग्री वाकडी होते, आणि वाकडी एका विशिष्ट बाजूला होते. बातम्यांनी बरेचदा ओळ प्रमाण मराठीत आणून छापली. म्हणून ‘डोंगर’ टाकून शोधलं की बातमीच्या अंगानं जाणारे मीम जास्त येतात आणि बोलीची मजा घेणारे निसटतात. हे अर्ध्या तासाचं काम आहे: आधी सगळी रूपं एका कागदावर लिहून काढायची, मग प्रत्येकानं शोधायचं, आणि कुठल्या रूपानं काय सापडलं ते तक्त्यात नोंदवायचं. मूळ ओळही पेपरात वर्तमानपत्रातून उचलू नये. ध्वनिफीत ऐकून स्वतः उतरवावी, कारण पुढचा निम्मा युक्तिवाद ‘मंदी’ आणि जोड-क यांवर उभा राहणार आहे.

दुसरी अडचण तारखेची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या मीमला ना कर्ता ना जन्मतारीख. आपल्याला कळतं ते फक्त आपल्याकडे कधी आलं. दुहेरी बाण दिसला तर तो बराच फिरून आलाय इतकंच. असा मीम खिडकीत बसवायचा असेल तर त्याच चित्राची सार्वजनिक पोस्ट शोधायची, आणि ती नाही मिळाली तर तो छत्तिसांत धरायचा नाही. खासगी ग्रुपमधला स्क्रीनशॉट नावांसकट छापणं तर सोडाच. सार्वजनिक पोस्टवरची सामान्य माणसाची नावंही झाकावीत. त्यानं मित्रांना हसवायला टाकलेलं असतं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमचं बसायला नाही.

इथवरची कामं हमालीची. आता विनोदाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे होतो.

‘हे विनोदी का आहे?’ याचं ठरलेलं उत्तर ‘विसंगतीमुळे’. बरोबर आहे, पण कशाची कशाशी विसंगती? भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रास्किन यांच्या सिद्धांतात विनोदी मजकूर दोन पटकथांना एकाच वेळी बसतो आणि त्या दोन एकमेकींच्या विरोधात असतात. इथे पहिली पटकथा बंडाची: आमदार, पक्षफूट, दबाव, हॉटेलच्या दाराशी पोलीस. दुसरी सहलीची: झाडी, डोंगर, राहायची सोय. एका माणसाकडून पहिलीची अपेक्षा होती आणि त्यानं दुसरी सांगितली. पेपर इथं थांबला तर उत्तर अर्धंच आहे, कारण या ओळीत आणखी एक विरोध दडलाय. तो शोधायला अदलाबदलीची चाचणी घ्यावी. चिन्हमीमांसेतलं हे जुनं हत्यार आहे, आणि त्याला पेन-कागदाखेरीज काही लागत नाही.

ओळ प्रमाण मराठीत लिहून पाहा: ‘किती सुंदर झाडी, किती सुंदर डोंगर, किती छान हॉटेल! सर्व काही व्यवस्थित आहे.’ बंड आणि सहल हा विरोध तसाच आहे. आमदार तेच, वेळ तीच. तरी हसू जवळजवळ गेलं. उरलं ते फार तर एक बेफिकीर विधान, ज्यावर माणूस चिडेल. म्हणजे हसण्याचा मोठा भाग आवाजात होता: ‘काय’ची तीनदा आदळणारी सुरुवात, ‘डोंगार’मधला लांबलेला आकार, ‘हाटील’, आणि इंग्रजी ‘ओके’ला ‘मध्ये’चं बोलीतलं रूप लावून केलेलं ‘ओक्केमंदी’. आता उलट करून पाहा. बोली तशीच ठेवा आणि बोलणारा लग्नाला महाबळेश्वरला गेलेला कुणी काका आहे असं समजा. गोड वाटतं, पण राज्यभर पसरावं असं त्यात काही नाही. म्हणजे दोन्ही विरोध लागतात. एकट्या कशावरही ही ओळ चालली नसती.

मग पुढचा प्रश्न अवघड होतो: हसतोय ते कुणाला? बंडखोर आमदाराला की माणदेशी बोलण्याला? सांगोला हा पिढ्यान्पिढ्या दुष्काळाचा म्हणून ओळखला गेलेला तालुका. तिथल्या माणसानं आसामातली हिरवळ बघून हरखणं यात ढोंग शोधायचं कारण नाही, आणि तिथल्या वाचकाला त्या बोलण्यात बोली अशी ऐकूच येणार नाही. घरात असंच बोलतात. पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर तीच ओळ ‘गावाकडचा आमदार’ म्हणून वाजते. श्रेष्ठत्वाच्या भावनेतून येणारं हसू आणि ओळखीचं सापडल्याचं हसू, दोन्ही एकाच स्मायलीनं व्यक्त होतात. पेपरात ‘प्रेक्षक हसले’ असं लिहून चालत नाही ते यामुळे.

हे मोजता येतं, निदान थोडंफार. छत्तीस मीम दोन जणांनी एकमेकांशी न बोलता वाचायचे आणि प्रत्येकाला ‘खिल्ली’ किंवा ‘आपुलकी’ असा शिक्का मारायचा. समजा वीसवर दोघांनी खिल्ली म्हटलं, नऊवर दोघांनी आपुलकी. पाच ठिकाणी पहिल्याला खिल्ली वाटली तर दुसऱ्याला आपुलकी, दोन ठिकाणी उलट. एकमत 36 पैकी 29, म्हणजे 81 टक्के. आकडा भारदस्त दिसतो आणि बहुतेक पेपर इथेच खूष होऊन पुढे जातात. पण दोघांनीही खिल्लीचा शिक्का जास्त वापरलाय, त्यामुळे निव्वळ योगायोगानंही बरंच एकमत झालं असतं. पहिल्यानं 25 वेळा खिल्ली म्हटलं, दुसऱ्यानं 22 वेळा. त्यावरून योगायोगाचा वाटा 54 टक्के निघतो. तो वजा करून कोहेनचा कापा काढला की येतो 0.57.

```
κ = (0.8056 − 0.5432) / (1 − 0.5432) ≈ 0.57
```

म्हणजे मध्यम. लाज वाटायचं कारण नाही, पण लपवायचंही नाही. उलट ते सात मीम बाजूला काढून शेजारी ठेवावेत. बहुधा त्यांत बोलीच पुढे असेल आणि राजकारणाची खूण पुसट असेल. वाचणाऱ्यांतला एक सोलापूरकडचा आणि एक मुंबईचा असेल तर फूट कुठे पडली ते आणखी स्पष्ट दिसेल. पेपरातला सगळ्यात वाचनीय परिच्छेद या सातांवरचा होऊ शकतो. सोय म्हणून दोघांनी बसून, चर्चा करून, सातांवर एकमत घडवून आणलं की तो हातचा जातो.

आंतरसंहिततेचा भाग सगळ्यांना सोपा वाटतो. क्रिस्तेव्हाचं नाव घ्यायचं, प्रत्येक संहिता इतर संहितांच्या अवतरणांतून विणलेली असते हे सांगायचं, झालं. पण एका मजकुरात दुसऱ्याचा धागा आहे असं म्हटलं की तो दाखवण्याची जबाबदारी येते. ऑगस्टच्या अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा दिली: ‘पन्नास खोके, एकदम ओक्के’. बंडासाठी प्रत्येकी पन्नास कोटी घेतले, असा तिचा आरोप. शिंदे गटानं तो नाकारला. 24 ऑगस्टला याच पायऱ्यांवर सत्ताधारी आणि विरोधी आमदारांची धक्काबुक्की झाली. या घोषणेतलं ‘ओक्के’ हे बापूंच्या ‘ओक्केमंदी’चंच आहे, असं आपण सहज म्हणून जातो. कशावरून?

शंका घेणाऱ्याची बाजू आधी मांडू. ‘एकदम ओके’ हा प्रयोग हिंदी-मराठीत आधीपासून आहे, रिक्षावाल्यापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळे वापरतात. घोषणा करणाऱ्यानं तिथून घेतला नसेल कशावरून? ‘खोके’ला तुक जुळवायची तर ‘ओक्के’ आपोआप समोर येतो. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे तर जूनच्या क्लिपशी अजिबात संबंध नसलेलं, हिंदी गुन्हेपटांनी घराघरात पोहोचवलेलं भांडवल. म्हणजे घोषणेचा पहिला अर्धा भाग नक्की दुसरीकडून आलाय.

आता पुरावे. क्रम जुळतो, क्लिप आधी आणि घोषणा नंतर. पण क्रम एकटा काहीच सिद्ध करत नाही. रोख एकाच गटावर आहे, गुवाहाटीला गेलेल्यांवर. हा पुरावा जरा वजनाचा. तिसरी खूण लिहिण्यातली. फलकांवर आणि पोस्टमध्ये ‘ओके’ न लिहिता जोड-क देऊन ‘ओक्के’ लिहिलंय का, ते मोजायचं. पण इथे जपून, कारण ‘खोके’शी ठेका जुळवायलाही तोंडात क ठासला जातो. म्हणून चौथा पुरावा बघायचा, तो तिसऱ्या खिडकीतच सापडतो: ज्या मीममध्ये झाडी, डोंगर किंवा हॉटेल आणि खोके एकाच चौकटीत आलेत ते वेगळे काढायचे. तिथे जोडणी आपण करत नाही, मीम करणाऱ्यानं केलेली असते. असे बारापैकी सात-आठ निघाले तर ‘वाचकांनी या दोन ओळी एकत्र वाचल्या’ असं ठामपणे लिहा. दोनच निघाले तर ‘एकत्र वाचण्याची शक्यता होती’ एवढंच. घोषणा घडवणाऱ्याच्या मनात काय होतं याबद्दल मात्र दोन्ही वेळा गप्प राहायचं. आंतरसंहितता वाचनात सिद्ध होते, हेतूत नाही. क्रिस्तेव्हाचं नाव घेतलंच आहे तर तिचा एवढा फायदा तरी घ्यावा.

दुसऱ्या खिडकीतला एक नमुना जवळून पाहू, त्या महिन्यात असतात तसल्या धर्तीवर मुद्दाम साधा रचलेला. पावसाळ्यातला रस्ता, गुडघाभर पाण्याचा खड्डा, त्यात अर्धी बुडालेली स्कूटर. वर अक्षरं: ‘काय खड्डा, काय पानी, काय रस्ता, सगळं ओक्केमंदी हाय’. मूळ ओळीतून काय टिकलं? तीन ‘काय’ आणि शेवटचा तुकडा. काय गेलं? झाडी, डोंगर, हॉटेल, गुवाहाटी आणि बापू. म्हणजे ओळ आता साचा झाली, तीन रिकाम्या जागा आणि एक ठरलेला शेवट. ‘पानी’तला न महत्त्वाचा आहे. तो मूळ क्लिपमध्ये नाही. करणाऱ्यानं बोलीचा आव स्वतःहून वाढवलाय, कारण साच्यात बोली लागते हे त्याला उमगलंय. आणि पवित्रा उलटला. मूळ ओळीत कौतुक खरं होतं, इथे तो उपरोध आहे. मूळ ओळीवर ऐकणारा हसत होता, इथे बोलणाराच हसतोय. कौतुकाचा साचा तक्रारीसाठी वापरता येतो, हे जुलैत रुळलं असेल तर ऑगस्टमधल्या ‘ओक्के’ला आरोपाचं वजन पेलणं सोपं गेलं असणार. हा दुवा छत्तिसांच्या तक्त्यात दिसला तर पेपरचा कणा हाच. जुलैचे बारा जवळजवळ सगळे कौतुकाचेच निघाले, तर हा युक्तिवाद सोडून द्यायचा, कितीही आवडला असला तरी.

हा खड्ड्याचा मीम राजकीय आहे का? रस्ता महापालिकेचा, राग प्रशासनावर, पण बंडाबद्दल त्यात अक्षर नाही. तक्त्यात राजकीय निर्देशाचे तीन स्तर ठेवावेत: उघड, म्हणजे चेहरा, नाव, पक्षचिन्ह, गुवाहाटी किंवा खोके; आडून, म्हणजे सत्तेबद्दल तक्रार आहे पण कुणाचं नाव नाही; आणि तिसरा ‘नाही’. सिंहगडावरच्या फोटोखाली कुणी ‘काय झाडी, काय डोंगार’ लिहिलं, मिसळवाल्यानं ‘काय तर्री, काय फरसाण’ अशी पाटी लावली, तर तो ‘नाही’चा रकाना, आणि तो भरायला लाजू नये. सगळंच राजकीय असतं, हे वाक्य तासाला बोलायला ठीक. तक्त्यात ते घातलं की ‘राजकीय’ या रकान्याला काही अर्थच उरत नाही. मिसळीची पाटी एक वेगळी गोष्ट मात्र सांगते. ती ओळ आता कुणाच्याही बाजूनं धोक्याची राहिलेली नाही, गिऱ्हाईक दोन्हीकडचं येतं.

तिला बिनधोक करण्यात स्वतः बापूंचाही हात होता. टर उडवली जातेय म्हणून रागावण्याऐवजी तीच ओळ ते सभांतून, मुलाखतींतून म्हणू लागले आणि लोक टाळ्या देऊ लागले. ज्याच्यावर विनोद झाला त्यानंच तो अंगावर घेतला, की खिल्ली आणि आपुलकी यांतली रेघ आणखी पुसट होते. ऑगस्टच्या घोषणेला ही सोय नव्हती. ‘पन्नास खोके’ असं कुणी स्वतःबद्दल कौतुकानं म्हणू शकत नाही. एकाच ‘ओक्के’तून निघालेल्या दोन वाटा इथे वेगळ्या होतात: एक मिसळीच्या पाटीकडे गेली, दुसरी धक्काबुक्कीकडे. ‘मीममुळे सरकारची प्रतिमा डागाळली’ असं मात्र या छत्तिसांवरून लिहिता येणार नाही. छत्तीस मीम लोकांनी काय केलं ते दाखवतात, लोकांना काय वाटलं ते दाखवायला दुसरा पेपर लागेल.

पानं उरली तर चौथी खिडकी आहे. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला आणि सांगोल्यात शहाजीबापू शेतकरी कामगार पक्षाच्या बाबासाहेब देशमुखांकडून हरले. त्या दिवसापासून आठवडाभराचे, त्याच पद्धतीनं, आले त्या क्रमानं बारा घ्यायचे. आणि आधी एकच गोष्ट बघायची: शेवटचं ‘हाय’ कितींनी ‘व्हतं’ केलंय.